आधी ठोके, मग चादर

रझिया सिस्टरांचं आणि माझं पहिलं भांडण झालं ते माझ्या चपलांवरून.

येरवड्यातल्या आमच्या प्रसूतिगृहात मी रुजू झाले त्या आठवड्यात लक्ष्मी रोडवरून नवीन पांढऱ्या चपला घेतल्या होत्या. तिसऱ्याच दिवशी एका बाईची पाणमोट फुटली आणि ते सगळं माझ्या चपलांवर आलं. डॉक्टर झाल्यावर असल्या गोष्टींची किळस वाटू नये हे मला मान्य आहे, पण चपला नवीन होत्या आणि मी जन्मजात टापटिपीची. घरी आईसुद्धा माझ्या कपाटाला हात लावायला घाबरते. दुसऱ्या दिवशी मी लेबर रूममधल्या पांढऱ्या फळ्यावर ठळक अक्षरांत लिहिलं: पाणी गेल्यावर रुग्णाला आधी स्वच्छ करावे, चादर बदलावी, मग डॉक्टरांना बोलवावे. खाली 'जंतुसंसर्ग टाळण्यासाठी' असं जोडून दिलं, म्हणजे चपलांचा विषय कोणाच्या डोक्यात यायला नको.

दुसऱ्या दिवशी सकाळी फळा कोरा होता. मी विचारलं, तेव्हा रझिया सिस्टर औषधांचं कपाट लावत होत्या. मागे न वळता म्हणाल्या, मार्कर हलका आहे, टिकत नाही. मी पुन्हा लिहिलं. तिसऱ्या दिवशी पुन्हा कोरा. पाच दिवस हे चाललं. सहाव्या दिवशी मी त्यांना बाजूला घेऊन स्पष्ट विचारलं की माझ्या सूचनेत चूक काय आहे. त्यांनी छातीवर सेफ्टी पिनने लावलेलं घड्याळ सरळ केलं आणि म्हणाल्या, "चादर ओली राहिली तर काय होतं, मॅडम? ओली राहते. ठोके थांबले तर काय होतं ते तुम्ही शिकून आलाय."

मी शिकून आले होते, म्हणूनच राग आला. मी वरिष्ठांकडे गेले, त्यांनी माझी बाजू घेतली, आणि सूचना फळ्यावर कायम झाली. सिस्टरांनी पुसणं बंद केलं. पण त्यांच्या ड्यूटीत एखादीचं पाणी गेलं की त्या माझी सूचना वाचल्यासारखं करायच्या, मान डोलवायच्या, आणि मग डॉप्लर उचलून बाळाचे ठोके ऐकायच्या. चादर नंतर. त्यांना समज द्यावी असं माझ्या मनात दोनदा आलं, पण माझ्याहून तीस वर्षांनी मोठ्या बाईला समज कशी देतात हे मला कोणी शिकवलं नव्हतं.

त्यांच्याविषयी सांगायचं तर त्या खडकीच्या. वडील मकबूलभाई दारूगोळा कारखान्यात फिटर होते आणि सगळं बालपण तिथल्या क्वार्टर्समध्ये गेलं. शाळा मराठी, आणि तीही अशा बाईंच्या हाताखाली की ज्या 'ळ'चा 'ल' केला तर पट्टी उगारायच्या. त्यामुळे सिस्टरांचं मराठी असं स्वच्छ की वाघोलीकडून आलेल्या बायका त्यांना हळूच विचारायच्या, ताई तुम्ही सदाशिव पेठेतल्या का. सिस्टर म्हणायच्या, नाही, तिथे माणसं इतकी गोड बोलत नाहीत. नोकरीची एकतीस वर्षं झाली होती, पुढच्या मार्चला निवृत्ती होती. बसने यायच्या, स्टीलच्या तीन पुडांच्या डब्यात सगळ्या स्टाफला पुरेल इतकं आणायच्या आणि चहात साखर कमी असली तर करणाऱ्याचं नाव विचारून घ्यायच्या. मी केलेल्या चहाला त्यांनी कधीच नाव विचारलं नाही. कळतंच, म्हणायच्या.

हे सगळं गमतीने सांगतेय, पण त्या दिवसांत मला त्या अजिबात आवडत नव्हत्या हेही सांगून टाकते. त्यांच्यासमोर मला सतत परीक्षेला बसल्यासारखं वाटायचं.

मे महिन्यातला मंगळवार. सकाळी अकराच्या सुमाराला ऋतुजा दाखल झाली. लोहगावची, वय एकोणतीस, तिसरी खेप. बरोबर नवरा रणजित आणि सासू बायडाबाई. बायडाबाईंची स्वतःची पाचही बाळंतपणं घरी झालेली, त्यामुळे दवाखाना म्हणजे तरुण लोकांचं एक फॅड आहे असं त्यांचं मत होतं आणि ते त्यांनी केस पेपर काढतानाच जाहीर केलं. मी ऋतुजाला तपासलं. पोटात पाणी नेहमीपेक्षा जास्त होतं आणि बाळाचं डोकं अजून वर तरंगत होतं, हाताने ढकललं की हलत होतं. गर्भपिशवीचं तोंड सहा सेंटिमीटर उघडलेलं, ठोके मिनिटाला एकशे चाळीस. पाणमोट शाबूत.

सिस्टरांनी माझी नोंद वाचली आणि नव्या स्टाफ नर्सला, वैष्णवीला, सांगितलं की हिला पलंगावरून उठू द्यायचं नाही. डोकं वर आहे, पाणी जास्त आहे, पाणमोट फुटली की पाण्याच्या लोंढ्याबरोबर नाळ डोक्याच्या आधी खाली सरकू शकते. मीही हेच सांगायला निघाले होते, पण त्यांनी आधी सांगितलं म्हणून मी काही बोलले नाही. असा स्वभाव असतो एकेकाचा. मग सिस्टर शेजारच्या खोलीत दुसऱ्या बाळंतिणीचे टाके पाहायला गेल्या आणि मी माझ्या टेबलावर कागद भरत बसले.

वैष्णवीला नोकरीला लागून अकरा दिवस झाले होते. पोरगी हुशार, पण सगळं लेखी पाळणारी. साडेबारा वाजून गेल्यावर एका कळेला ऋतुजाची पाणमोट फुटली, पलंगावरून पाणी जमिनीवर गेलं. वैष्णवीने वर पाहिलं तर समोर फळ्यावर माझं सुवाच्य अक्षर. तिने ऋतुजाला हात देऊन उठवलं, गाऊन बदलू या म्हणाली, आणि न्हाणीघराकडे चालवत निघाली.

शेजारच्या खोलीतून सिस्टरांनी फरशीवर पाणी पडल्याचा आवाज ऐकला होता. त्या दारात आल्या तेव्हा ऋतुजा न्हाणीघराच्या उंबऱ्यावर उभी होती. सिस्टर ओरडल्या नाहीत. जवळ जाऊन तिला खांद्याला धरलं, पलंगावर परत आडवं केलं आणि पोटावर डॉप्लर टेकवला. मी डॉप्लरचा आवाज ऐकून आले. यंत्रातून येणारे ठोके सत्तर, इतके सावकाश की मला आधी वाटलं ते आईचे आहेत. सिस्टरांनी ऋतुजाच्या मनगटाची नाडी धरली. तिची शंभरावर होती. म्हणजे हे सत्तर बाळाचेच.

"हातमोजे," त्या म्हणाल्या, आणि कोणी द्यायच्या आत चढवलेसुद्धा. तपासायला हात आत गेला, आणि त्यांचा चेहरा पाहून मला कळलं. "नाळ आहे. डोक्याच्या पुढे. ठोका लागतोय."

ठोका लागतोय म्हणजे बाळ जिवंत आहे. पण पुढची प्रत्येक कळ डोक्याला खाली ढकलणार, आणि डोकं आणि आईचं हाड यांच्यामध्ये नाळ चेपणार. त्या नळीतून बाळाला श्वास जातो. ती किती मिनिटं चेपली राहते यावर सगळं अवलंबून. आणि त्यातली पहिली दोन मिनिटं फळ्यावरच्या माझ्या अक्षरांनी खाल्ली होती. हे मला त्याच क्षणी समजलं.

सिस्टरांनी हात बाहेर काढला नाही. दोन बोटांनी बाळाचं डोकं वर ढकलून धरलं, नाळेवरचा भार काढला, आणि तशाच उभ्या राहून एकेकाला कामं सांगायला लागल्या. वैष्णवीने घंटा वाजवायची, वॉर्डबॉय बजरंगमामांनी स्ट्रेचर आणायचं, भूलतज्ज्ञांना आणि बालरोगतज्ज्ञांना फोन लावायचे. वेळ लिहून ठेवा, बारा छत्तीस. मी खाली वाकले. नाळेचा एक वेढा बाहेर डोकावत होता. ठोका पाहायला मी एकदा बोट लावलं, दुसऱ्यांदा लावायला गेले तेव्हा सिस्टर म्हणाल्या, एकदा बघितलंत, पुरे. बरोबर होतं त्यांचं. नाळ सारखी हाताळली की आकसते, आणि आत परत ढकलायच्या फंदात तर पडायचंच नसतं. मी ती फक्त अलगद आतल्या उबेत राहील असं पाहिलं आणि हात मागे घेतला.

दारातून बायडाबाई पाहत होत्या. त्यांना वाटलं, एवढी माणसं जमली म्हणजे मूल आलंच. "तिसरं हाय तिचं," त्या म्हणाल्या. "दे गं जोर. मोकळी व्हशील."

ऋतुजाने श्वास कोंडला. सिस्टर तिच्या कानाशी वाकल्या आणि एरवीच्याच आवाजात म्हणाल्या, "जोर द्यायचा नाही. तू जोर दिलास तर बाळ स्वतःच्याच नाळेवर बसेल. तोंड उघड, फुंकर घाल. मी सांगेन तेव्हाच जोर." ऋतुजाने फुंकर घातली. आपल्याला काय झालंय हे तिला कोणी सांगितलं नव्हतं, ते सिस्टरांनी या चार वाक्यांत सांगून टाकलं.

मग तिला उपडं केलं. गुडघे आणि छाती गादीला टेकलेली, कंबर उंच, म्हणजे बाळ आईच्या छातीकडे घरंगळतं आणि नाळ मोकळी होते. सांगायला सोपं आहे. पण नऊ महिन्यांची बाई कळेत असताना, तिच्या आत दुसऱ्या बाईचा हात असताना, हे करणं म्हणजे अरुंद जिन्यातून कपाट वळवण्यासारखं काम. सिस्टर तिच्याबरोबर वळल्या, हात तसूभर हलू दिला नाही. मी दंडात टर्ब्युटालिनचं इंजेक्शन दिलं, त्याने कळा मंदावतात. मग लघवीची नळी घातली आणि सलाइनच्या बाटलीतून पाचशे मिली पाणी मूत्राशयात सोडून नळीला चिमटा लावला. फुगलेलं मूत्राशय आतून उशीसारखं डोक्याला वर धरतं. वैष्णवी ठोके ऐकून आकडे सांगत होती. नव्वद. एकशे दहा. एकशे वीस.

ऑपरेशन थिएटर, म्हणजे आमची ओटी, कॉरिडॉरच्या टोकाला. उपड्या बाईला स्ट्रेचरवर तसं नेता येत नाही, पडायची भीती, म्हणून तिला डाव्या कुशीवर घेतलं आणि कंबरेखाली दोन उशा घातल्या. प्रश्न सिस्टरांचा होता. हात आत असलेल्या बाईने स्ट्रेचरच्या बाजूने पळायचं कसं. त्यांनी प्रश्नच ठेवला नाही. सत्तावन्न वर्षांच्या, गुडघे दुखतात म्हणून स्टुलावर बसून औषधं वाटणाऱ्या रझिया सिस्टर स्ट्रेचरवर चढल्या आणि ऋतुजाच्या पायांशी गुडघे टेकून बसल्या. बजरंगमामा स्ट्रेचर ढकलताना म्हणाले की दोघींचं वजन धरून हे चाक टिकेल का. सिस्टर म्हणाल्या, चाकाची तक्रार उद्या लेखी द्या.

कॉरिडॉरमध्ये रणजित उभा होता. नाळ पुढे आली आहे, सिझर करावं लागेल, वेळ नाही, असं मी चालता चालताच सांगितलं. ऋतुजाने स्ट्रेचरवरूनच, काय करायचं ते करा पण बाळ द्या, असं म्हणून परवानगी दिली होती. तो नुसती मान हलवत राहिला.

भूलतज्ज्ञ डॉ. ऋषी खडकीच्या एका दवाखान्यात होते, तिथून स्कूटरवर निघाले होते. ओटी मांडून तयार झाली, मी हात धुऊन उभी राहिले, आणि आम्ही सगळे त्यांची वाट पाहत थांबलो. तो वेळ मी विसरणार नाही. ओटीत फक्त ठोक्यांचा आवाज, आणि सिस्टरांचं ऋतुजाशी बोलणं. लोहगावात आता पाणी रोज येतं का, मोठ्या मुलीची शाळा कुठली, भरली वांगी करताना शेंगदाणे किती घालतेस. मध्ये कळ आली की फुंकर, कळ गेली की पुन्हा वांगी. सिस्टरांच्या कपाळावरून घाम चष्म्यावर उतरत होता. तो पुसायला मी वैष्णवीला सांगितलं.

बारा पंचावन्नला डॉ. ऋषी आले. मी सुरी मागणार, तेवढ्यात सिस्टर म्हणाल्या, "मॅडम, एक मिनिट. पिशवीचं तोंड आता माझ्या बोटांना लागत नाही. आणि डोकं ऐकेनासं झालंय, प्रत्येक कळेला माझा हात खाली येतोय."

खरं सांगते, मला ते ऐकायचं नव्हतं. सिझर ठरलं होतं, सगळं मांडलेलं होतं, आणि ठरलेलं बदललं की मला घाम फुटतो. शिवाय वीस मिनिटांपूर्वी जोर देऊ नको म्हणणारी बाई आता उलटं सुचवत होती. पण त्या हातावर विश्वास न ठेवण्याचं माझ्याकडे एकही कारण नव्हतं. मी स्वतः तपासलं. तोंड पूर्ण उघडलेलं. डोकं उतरलेलं, माकडहाडाकडे तोंड करून नीट बसलेलं, दोन पोरांना वाट दिलेलं बाळंतिणीचं अंग. त्याच कळेत ठोके ऐंशीवर गेले. भूल देऊन, पोट उघडून बाळ काढायला कितीही घाई केली तरी पाच-सहा मिनिटं. खालून व्हॅक्यूम लावला तर दोन. डोकं वर असतं किंवा तोंड आठ सेंटिमीटरवर असतं तर मी हा विचारसुद्धा केला नसता.

"व्हॅक्यूम," मी म्हणाले. "लागला नाही तर लगेच सिझर. डॉक्टर, तुम्ही तयार राहा."

"आधी मूत्राशय रिकामं करा," सिस्टर म्हणाल्या. मी ते विसरले होते. चिमटा काढला, पाणी वाहून गेलं, डोकं आणखी खाली आलं. वैष्णवीने ऋतुजाला पाठीवर घेतलं, पाय आधाराला लावले. सिस्टरांनी एकवीस मिनिटांनी हात बाहेर काढला आणि ऋतुजाला म्हणाल्या, "आता. आता दे जोर. सगळा."

व्हॅक्यूमची वाटी डोक्यावर बसवली, कळेबरोबर ओढलं, कळ ओसरली, पुढच्या कळेला पुन्हा ओढलं, आणि एक वाजता मुलगी झाली. झाली पण रडली नाही. अंग सैल, रंग निळसर. बालरोगतज्ज्ञ अजून वाटेत होते. डॉ. ऋषींनी तिला उबेच्या दिव्याखाली पुसलं, तोंडावर छोटा मास्क धरून पिशवीने श्वास द्यायला सुरुवात केली. वैष्णवी छातीशी स्टेथोस्कोप लावून बोटाने ठोके दाखवत होती. मी ऋतुजाची वार बाहेर येण्याची वाट पाहत उभी होते आणि मनात एकच हिशेब चालला होता. न्हाणीघराचा उंबरा. ती दोन मिनिटं. या मुलीला काही झालं तर ती दोन मिनिटं माझी असतील, मरेपर्यंत.

अर्ध्या मिनिटाने ती रडली. आधी कुरकुरल्यासारखी, मग चांगली, कॉरिडॉरपर्यंत जाईल अशी. ऋतुजा हसायला लागली आणि मला रडू आलं. मास्क असला की हे लपतं, असा माझा समज होता.

बालरोगतज्ज्ञांनी येऊन तपासलं, दिवसभर देखरेखीखाली ठेवायला सांगितलं, आणि तिसऱ्या दिवशी ती मुलगी आईच्या कुशीतून घरी गेली. परवा लस घ्यायला आली होती तेव्हा तिने माझा चष्मा ओढला.

पण मला सांगायचंय ते त्या दुपारचं. सगळं आवरल्यावर मी लेबर रूममध्ये गेले, तर सिस्टर बाकावर बसल्या होत्या आणि त्यांच्या पायाशी बायडाबाई. बाळासाठी आणलेलं खोबरेल तेल बायडाबाईंनी वाटीत ओतलं होतं आणि सिस्टरांचा उजवा हात मांडीवर घेऊन एकेक बोट चोळत होत्या. ती बोटं वाकलेली, सरळच होत नव्हती. "म्या पाच काढली घरी," बायडाबाई मला म्हणाल्या. "पर असा हात न्हाय बघितला." मी चहा करून आणला. सिस्टरांना कप धरता येईना, म्हणून मी त्यांच्या तोंडाशी धरला. एक घोट घेतला आणि म्हणाल्या, साखर कमी आहे.

बायडाबाई नातीकडे गेल्यावर मी सिस्टरांना विचारलं, फळा का पुसत होतात. त्यांनी सांगितलं. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी, दुसऱ्या एका दवाखान्यात, अशाच एका बाईचं पाणी गेलं. यांनी आधी चादर बदलली, छान ताणून, कोपरे दुमडून, कारण मुख्य सिस्टर कोपरे तपासायच्या. मग ठोके ऐकले. ठोके नव्हते. पलंग नंबर चार. "ती चादर मी इतकी चांगली घातली होती, मॅडम," त्या म्हणाल्या आणि खिडकीबाहेर पाहायला लागल्या. मी त्यांच्याजवळ बसून राहिले. इतके महिने मी त्या बाईला हट्टी समजत होते.

मग मी म्हणाले की आज वैष्णवीची चूक नव्हती, माझी होती, आणि तसं मी अहवालात लिहिणार आहे. त्यांनी मान हलवली, नको म्हणाल्या नाहीत. मी उठले, फळ्यावरची माझी सूचना तळहाताने पुसली आणि मार्कर त्यांच्यापुढे धरला.

"मला आज धरता येणार नाही," त्या म्हणाल्या. "तुम्ही लिहा. मी सांगते."

त्यांनी सांगितलं, मी लिहिलं. पाणी गेलं की बाईला उठवू नये. आधी ठोके, मग आत तपासणी. चादर नंतर. लिहून झाल्यावर मी बाजूला झाले. त्यांनी दोनदा वाचलं, डाव्या हाताने कपाट उघडलं आणि आतून एक जाड काळा मार्कर काढून माझ्या हातात दिला.

"यावरून पुन्हा फिरवा," त्या म्हणाल्या. "हा पुसला जात नाही. पहिल्या दिवशीच आणून ठेवला होता."